उन्हाळा, भारनियमन आणि दुकानातला दूध-पनीर-आईस्क्रीमचा माल: साठवणुकीची क्रमवार पद्धत आणि नासाडीची वही

हा लेख किराणा दुकानाच्या जोडीला पिशवीचे दूध, दही, पनीर, श्रीखंड आणि आईस्क्रीम ठेवणाऱ्या लहान दुकानदारांसाठी आहे. समोर धरलेले दुकान विदर्भातले आहे. वर पत्रे, दुपारचे ऊन ४५ अंशांच्या आसपास, ३०० लिटरचा एक काचेच्या दाराचा उभा फ्रिज आणि तेवढाच एक झाकणाचा आडवा डीप फ्रीझर. माझे दुकान याच धर्तीचे आहे आणि आसपासच्या दुकानांत दर मे महिन्यात ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांपैकी बहुतेक मी स्वतः करून झालो आहे. लाइट गेल्यावर काय करावे असे सगळे विचारतात. खरे नुकसान मात्र सकाळी सहा वाजता माल भरताना आणि लाइट परत आल्यावर बटण दाबताना ठरलेले असते, म्हणून पुढचा क्रम तयारीपासून सुरू होतो.

## टप्पा १: मोजण्याची सोय आधी करावी

फ्रिजच्या बाहेरच्या पडद्यावर दिसणारा आकडा आतल्या हवेचा असतो, मालाचा नसतो. दार उघडले की हवा लगेच तापते आणि बंद केले की लगेच गार होते, परंतु दुधाची पिशवी त्या वेगाने बदलत नाही. त्यामुळे तारेच्या टोकाला सेन्सर असलेले साधे डिजिटल तापमापक घ्यावे आणि ते टोक पाण्याने भरलेल्या लहान बाटलीत बुडवून ती बाटली मधल्या फळीवर दुधाशेजारी ठेवावी. आता दिसणारा आकडा मालाच्या जवळचा असेल. डीप फ्रीझरसाठी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारे तापमापक घ्यावे. रात्री लाइट गेली होती का आणि माल किती तापला, हे सकाळी त्यावरून कळते.

तापमापक खरे दाखवतो का, हे विकत आणल्याच्या दिवशीच तपासावे. एका पेल्यात चुरलेला बर्फ भरून तो जेमतेम बुडेल इतकेच पाणी घालावे, पाच मिनिटे ढवळत ठेवावे आणि सेन्सर मधोमध धरावा. आकडा ० दाखवला पाहिजे. दीड-दोन अंशांचा फरक असेल तर तेवढा फरक तापमापकावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावा, किंवा तापमापक परत करावा.

ध्यानात ठेवायच्या मर्यादा दोनच आहेत. दूध, पनीर, दही, श्रीखंड ५ अंशांपर्यंत असावे आणि आईस्क्रीम उणे १८ किंवा त्याहून थंड असावे.

टाळायची चूक: डीप फ्रीझरमध्ये वाटीभर बर्फावर नाणे ठेवून ते बुडाले का, हे पाहण्याची युक्ती बरेच जण वापरतात. नाणे बुडण्यासाठी बर्फ ० अंशाला वितळावा लागतो आणि आईस्क्रीम त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून बिघडलेले असते. नाणे वर दिसले म्हणजे आईस्क्रीम ठीक आहे, असे मुळीच नाही.

## टप्पा २: यंत्राला श्वास घ्यायला जागा द्यावी

बाजारातले पुष्कळसे फ्रिज जास्तीत जास्त ४३ अंश बाहेरचे तापमान धरून बनवलेले असतात आणि मागच्या पट्टीवर त्यांचा हवामान वर्ग लिहिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असते आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्रिजच्या मागे त्याहूनही जास्त. मग कॉम्प्रेसर दुपारभर थांबत नाही, आणि लाइट जाते त्या क्षणी फ्रिज आधीच मागे पडलेला असतो.

मार्च संपण्याआधी चार कामे करावीत. फ्रिज आणि डीप फ्रीझर भिंतीपासून किमान वीतभर पुढे ओढावेत आणि उन्हाच्या भिंतीचा कोपरा टाळावा. मागची किंवा खालची जाळी प्लग काढून मऊ ब्रशने साफ करावी. किराणा दुकानात इथे साधी धूळ नसते, पीठ आणि बेसन यांचा थर बसतो आणि तो पंधरा दिवसांत पुन्हा जमतो. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती अलगद निघाली तर त्या जागेतून थंडावा सतत गळतो आहे आणि रबर बदलायला झाले आहे. डीप फ्रीझरच्या भिंतीवर करंगळीच्या जाडीएवढा बर्फ साठला असेल, तर माल कमी असेल त्या दिवशी तो वितळवून काढावा, चाकूने खरवडू नये.

कूलर असेल तर त्याचे तोंड कधीकधी फ्रिजच्या पाठीकडे वळवावे. कूलरची हवा दुकानदाराच्या पाठीला आणि फ्रिजची पाठ तापलेल्या भिंतीला, अशी मांडणी मी निम्म्या दुकानांत पाहतो.

## टप्पा ३: थंडावा आधी साठवून ठेवावा

लाइट नसताना फ्रिज ही केवळ एक पेटी असते. ती किती वेळ थंड राहील हे आत साठवलेल्या बर्फावर आणि दार किती वेळा उघडले यावर ठरते. म्हणून बाटल्या दोन प्रकारच्या कराव्यात आणि त्यांची कधीही अदलाबदल करू नये.

उभ्या फ्रिजसाठी साध्या पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या गोठवाव्यात. पाणी गोठताना फुगते, म्हणून बाटली वरून चार बोटे रिकामी ठेवावी. साधा बर्फ ० अंशाला वितळतो, त्यामुळे आजूबाजूचा माल ५ च्या खाली राहायला तो अगदी योग्य आहे. डीप फ्रीझरमध्ये मात्र या बाटल्यांचा फारसा उपयोग नाही, कारण त्या ० अंशाला वितळू लागेपर्यंत आईस्क्रीम पातळ होऊन गेलेले असते. तिथे मिठाच्या पाण्याच्या बाटल्या लागतात: एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम मीठ. हे पाणी उणे १८ ला दगडासारखे घट्ट होत नाही, थोडे भुसभुशीत राहते. त्यात बिघाड नाही. असा बर्फ उणे २० च्या सुमारापासून उणे ६ पर्यंत हळूहळू वितळत जातो आणि नेमका त्याच पट्ट्यात उष्णता शोषून घेतो. या बाटल्यांना लाल चिकटपट्टी लावावी, म्हणजे तहानेल्या मदतनीसाच्या हाती त्या लागणार नाहीत.

बाटल्या एकदम वीस टाकू नयेत. तीस अंशांचे दहा लिटर पाणी गोठवायला लहान डीप फ्रीझरला दुकान बंद असतानाची पूर्ण रात्र पुरत नाही आणि त्या काळात शेजारचे आईस्क्रीम मऊ पडते. रोज रात्री चार-पाच, असे करत आठवड्याभरात साठा उभा करावा. साध्या पाण्याच्या बाटल्या एकाच कापडी पिशवीत, डीप फ्रीझरच्या अगदी वरच्या थरात ठेवाव्यात, म्हणजे काढताना झाकण एकदाच आणि काही सेकंदच उघडावे लागते.

उभ्या फ्रिजमध्ये या बाटल्या वरच्या फळीवर ठेवाव्यात. लाइट गेली की आतला पंखाही बंद पडतो आणि थंड हवा फक्त आपल्या वजनाने खाली उतरते. तळाशी ठेवलेल्या बाटल्या तळच गार करतात आणि वरचे दही तापत राहते.

## टप्पा ४: आपल्या दुकानाची वेळ मोजावी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि लाइट गेल्यावर अंदाजाने बोलतात. एप्रिलमधल्या एखाद्या तापलेल्या दुपारी फ्रिजमध्ये नेहमीइतका माल असताना, पण दूध-पनीर थर्माकोलच्या पेटीत बर्फावर सुरक्षित काढून त्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवून, मुख्य बटण बंद करावे. दार उघडू नये. दर अर्ध्या तासाने तापमापकाचा आकडा लिहावा आणि ५ अंश ओलांडायला किती वेळ लागला ते टिपावे. दुसऱ्या दिवशी हीच चाचणी वरच्या फळीवर बर्फाच्या दहा-बारा बाटल्या ठेवून करावी.

माझ्या फ्रिजला बर्फाशिवाय ५ ओलांडायला तासाभराहूनही कमी वेळ लागला. काचेच्या दाराचे फ्रिज दिसायला देखणे असतात, पण थंडावा धरण्यात कच्चे. बाटल्या ठेवल्यावर तोच वेळ अडीच तासांवर गेला. तुमचे आकडे वेगळे असतील आणि तेच तुमच्या कामाचे आहेत. ते कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर आतून चिकटवावेत.

पडताळणी: या टप्प्यानंतर तुम्हाला एका प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता आले पाहिजे: आत्ता लाइट गेली आणि दार उघडले नाही, तर दूध किती वाजेपर्यंत ५ च्या आत राहील?

## टप्पा ५: सकाळी माल घेताना

दूध वितरकाच्या गाडीतून उतरते, दुकानाचे शटर उघडेपर्यंत ओट्यावर पडून राहते आणि मग तसेच फ्रिजमध्ये जाते. दुकानातला फ्रिज थंड माल थंड ठेवण्यासाठी असतो, तापलेला माल झटपट गार करण्याची त्याची ताकद नसते. दोन क्रेट, म्हणजे साधारण २० लिटर दूध १५ अंशांवर आत गेले, तर ते ५ वर आणायला जवळपास अडीच किलो बर्फ वितळेल इतका थंडावा खर्च होतो. दुपारसाठी जमवलेल्या बाटल्यांपैकी अडीच बाटल्या अशा सकाळीच संपतात.

क्रेट उतरताच दोन पिशव्यांच्या मध्ये तापमापकाचे टोक दाबून धरावे, दोन पिशव्या घडीसारख्या जुळवाव्यात आणि आकडा स्थिर होऊ द्यावा. पिशवी फोडावी लागत नाही. ५ पर्यंत असेल तर उत्तम. त्यावर असेल तर आकडा आणि वेळ वहीत लिहावी, कारण हा वेळ पुढे हिशेबात धरायचा आहे. ८ च्या वर असेल तर मी माल गाडीवाल्यासमोरच बाजूला काढतो आणि तापमापकाचा फोटो वितरकाला पाठवतो. पहिल्या आठवड्यात कटकट होते. नंतर गाडी आधी आपल्या दुकानावर येऊ लागते.

आत ठेवताना पिशव्या फळीच्या कडेपर्यंत कोंबू नयेत आणि मागची हवेची जाळी झाकू नये. नवा माल मागे आणि जुना पुढे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो, पण सकाळच्या घाईत मोडला जातो, म्हणून क्रेटला तारखेची चिठ्ठी लावावी.

सकाळी सात ते नऊ या गर्दीच्या वेळी विकायचे आठ-दहा लिटर दूध फ्रिजमध्ये भरूच नये. ते झाकणाच्या थर्माकोल पेटीत खाली-वर बर्फ देऊन काउंटरशेजारी ठेवावे. फ्रिजचे दार दोन तासांत चाळीस वेळा उघडण्याचे वाचते.

टाळायची चूक: एप्रिल-मे मध्ये हिवाळ्याइतकीच मागणी नोंदवू नये. थंड न ठेवताही टिकणारे खोक्यातले दीर्घकाळ टिकाऊ दूध पाच-सहा खोकी ठेवावे. पिशवीचे दूध संपले तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही आणि लाइट गेली तरी त्या मालाचे काही बिघडत नाही.

## टप्पा ६: पर्यायी सोय, खर्चाच्या चढत्या क्रमाने

पहिली सोय माहितीची. वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकाशी आपला मोबाइल जोडलेला असेल तर महावितरणकडून नियोजित दुरुस्तीच्या बंदचा संदेश येतो. अचानक गेलेल्या लाइटसाठी १९१२ वर तक्रार नोंदवता येते. आपल्या भागात देखभालीचा ठरलेला वार कोणता, हे लाइनमनला विचारून कॅलेंडरवर खूण करावी. वळवाच्या पावसात तारा तुटून होणारा बंद मात्र कोणालाच आधी कळत नाही आणि तो बहुधा संध्याकाळी येतो, त्यामुळे मे-जूनमध्ये चारनंतर दार उघडण्याबाबत कडक राहावे.

दुसरी सोय बर्फाची. बर्फाच्या कारखान्याचा किंवा लादी विकणाऱ्याचा क्रमांक आणि त्याची उघडण्याची वेळ आधी विचारून ठेवावी. गावभर लाइट गेली की सगळेच त्याच्याकडे धावतात, म्हणून लाइट गेल्यावर तासाभरातच निरोप द्यावा. लादीचा बर्फ खाण्याच्या पदार्थाला थेट लावू नये, पनीर जाड पिशवीत बांधूनच त्यात ठेवावे.

तिसरी सोय इन्व्हर्टरची आणि इथे पैसे सर्वांत जास्त वाया जातात. घरातला दिवे-पंख्यांचा ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर फ्रिज चालवू शकत नाही. कॉम्प्रेसर चालताना २५० वॉट घेत असला, तरी सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट झटका मारतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. त्याला मोठ्या क्षमतेचा, साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो आणि घेण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्याच फ्रिजवर लावून दाखवायला सांगावे. १२ व्होल्ट १५० एएचच्या एका बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात, प्रत्यक्षात हजाराच्या आसपास हाती लागतात. म्हणजे २५० वॉटचा फ्रिज चारेक तास. एकच यंत्र जोडता येणार असेल तर दुधाचा उभा फ्रिज जोडावा. डीप फ्रीझर बंद झाकणाने आपला वेळ स्वतः काढतो.

जनरेटर भाड्याने आणत असाल तर तो दुकानाच्या आत, शटर अर्धे ओढून, कधीही चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच लावूनच करावी. प्लगमधून उलटी वीज घरात सोडली तर ती बाहेरच्या तारेत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसतो.

## टप्पा ७: लाइट गेली: घड्याळ सुरू

१. वेळ वहीत लिहावी आणि दोन्ही तापमापकांचे आकडे टिपावेत.

२. फ्रिज आणि डीप फ्रीझरचे प्लग काढावेत. लाइट येताना बसणारा कमी-जास्त दाबाचा फटका असा टळतो.

३. बर्फाच्या बाटल्यांची पिशवी डीप फ्रीझरमधून एकदाच काढून उभ्या फ्रिजच्या वरच्या फळीवर ठेवावी. बंद आधी माहीत असेल तर हे काम लाइट जाण्यापूर्वीच करावे.

४. डीप फ्रीझरच्या झाकणावर जाड गोधडी किंवा गोणपाटाचे चार पदर टाकावेत. मागची जाळी झाकू नये, लाइट आली की पांघरूण लगेच काढावे.

५. दारावर चिठ्ठी लावावी की आत काय आहे आणि दार बंद आहे. विक्री थर्माकोलच्या पेटीतूनच करावी. डीप फ्रीझर उघडून आईस्क्रीम विकणे थांबवावे. या वेळात चार कप विकून मिळणारा नफा शंभर कपांच्या मऊपणात जातो.

माल ५ च्या वर गेला की वेळ मोजण्याचा नियम असा: एकूण दोन तासांच्या आत असेल तर पुन्हा थंड करून विकता येतो. दोन ते चार तासांच्या दरम्यान असेल तर पुन्हा फ्रिजमध्ये जात नाही, लगेच वापरला गेला पाहिजे. चार तासांच्या वर गेला तर टाकून द्यावा. ‘एकूण’ या शब्दावर जोर आहे. सकाळी ओट्यावर गेलेली अर्धा तास, गर्दीच्या वेळी उघड्या दाराची वीस मिनिटे, हे सगळे त्यात मिळवायचे.

टाळायची चूक: थोडे दूध उकळून फुटले नाही, म्हणजे सगळे चांगले आहे, असे समजू नये. फुटणे हे आंबटपणा बराच वाढल्यावर दिसते. उकळून न फुटलेले दूध रात्रीपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरी फुटू शकते. ही चाचणी माल टाकून देण्यासाठी वापरावी, ठेवून घेण्यासाठी नाही.

## टप्पा ८: लाइट आली: लगेच बटण नको

कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी तो सुरू केला तर तो गुंगुंग आवाज करत अडतो, तापतो आणि वारंवार असे झाले तर जळतो. त्यातच लाइट आल्या-आल्या गावातले सगळे पंखे-मोटारी एकदम सुरू होतात आणि दाब खाली बसतो. दहा मिनिटे थांबावे, स्टॅबिलायझरवरचा आकडा २०० च्या वर स्थिर झाला का पाहावे, आधी डीप फ्रीझर सुरू करावा आणि त्यानंतर दहा मिनिटांनी उभा फ्रिज. वेळेचा विलंब देणारा स्टॅबिलायझर असेल तरी पहिल्यांदा स्वतः उभे राहून पाहावे.

त्यानंतर मालाची तपासणी करावी. आईस्क्रीमचा कप हातात धरून दाबावा. कप दबला, झाकण फुगले किंवा कपाच्या आत एका बाजूला माल कलंडून घट्ट झाला असेल, तर तो वितळून गेलेला आहे आणि पुन्हा गोठवून विकायचा नाही. नुसता थोडा मऊ असेल आणि तापमान उणे १० च्या आतच राहिले असेल तर तो घट्ट होऊ द्यावा, पण आधी तोच विकावा. त्यात बर्फाचे कण येतात आणि तो जास्त टिकत नाही. पनीरच्या पाकिटात पाणी सुटले किंवा हात लावल्यावर चिकट लागले, दुधाची पिशवी फुगली, तर तापमापक काहीही सांगो, माल बाजूला काढावा.

दह्याला मी दुधाइतका कडक नियम लावत नाही, कारण त्याचा आंबटपणाच त्याला सांभाळतो. पण तापलेले दही झपाट्याने आंबट होते, म्हणून ते वेगळ्या फळीवर ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवतो. पनीरला मात्र कोणतीही सवलत देऊ नये.

## टप्पा ९: नासाडीची वही

वहीत आठ रकाने पुरतात: तारीख, माल आणि बॅच, नग किंवा लिटर, खरेदी किंमत, लाइट किती वाजता गेली-आली, सर्वाधिक तापमान, कारण आणि त्या मालाचे काय केले. किंमत नेहमी खरेदीची लिहावी, छापील विक्री किंमत लिहिली की तोटा फुगतो आणि आपणच वहीवर विश्वास ठेवेनासे होतो.

कारणाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘खराब झाले’ असे लिहिण्यात अर्थ नाही. मी पाचच कारणे ठेवली आहेत: लाइट, तापलेला आलेला माल, जास्त मागवले, दार उघडे राहिले, मुदत संपली. दोन कारणे असतील तर आधीचे लिहावे. महिनाअखेर बेरीज केली तेव्हा मला वाटत होते की सगळा तोटा लाइटच्या नावावर निघेल. एप्रिलमध्ये सर्वांत मोठी रक्कम ‘जास्त मागवले’ पुढे निघाली आणि मी रविवारचे पनीर निम्मे केले.

एका दिवसाची नोंद उदाहरणादाखल देतो. नियोजित बंद सकाळी ९ ते १ असा संदेश आदल्या दिवशी आला होता, म्हणून ३६ ऐवजी २४ लिटर दूध मागवले. सकाळी दूध ७ अंशांवर आले आणि ५ वर यायला ३५ मिनिटे लागली, ती लिहून ठेवली. सव्वाआठला बर्फाच्या बारा बाटल्या उभ्या फ्रिजमध्ये गेल्या. लाइट ९ वाजून १० मिनिटांनी गेली, तेव्हा आकडा २.५ होता. साडेअकराला ४.८ दिसल्यावर तीन किलो पनीर बर्फाच्या पेटीत हलवले. ११.४० ला आकडा ५ च्या वर गेला. सकाळची ३५ मिनिटे धरली तर दोन तासांची मर्यादा १.०५ ला संपत होती. उरलेल्या दहा लिटरांपैकी आठ लिटर बारा वाजताच शेजारच्या चहावाल्याला लिटरमागे सहा रुपये कमी घेऊन दिले, त्याने समोरच उकळत ठेवले. लाइट एकला आली नाही, २.२० ला आली. तोवर उरलेल्या दोन लिटरांचे एकूण सव्वातीन तास झाले होते, म्हणून ते फ्रिजमध्ये परत गेले नाही. ते घरी नेऊन लगेच उकळले, तरीही वहीत तोट्यातच लिहिले, कारण दुकानाच्या दृष्टीने ते गेलेच होते. डीप फ्रीझर मिठाच्या आठ बाटल्या आणि गोधडीच्या आधाराने उणे १३ ला थांबला. वरच्या थरातले पाच कप आधीच कलंडलेले होते, ते काढले.

हिशेब असा झाला: दोन लिटर दूध ११६ रुपये, पाच कप ८० रुपये, चहावाल्याला दिलेली सूट ४८ रुपये, बर्फाची लादी १२० रुपये, एकूण ३६४ रुपये. बर्फाचा आणि सुटीचा खर्च याच वहीत लिहावा. नाहीतर नुकसान फक्त मालाचेच दिसते आणि ते टाळायला किती पैसे गेले हे कधी कळत नाही.

काढलेला माल लाल क्रेटमध्ये ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा. परत घेण्याचा करार असेल तर बॅच दिसेल असा फोटो काढून त्याच दिवशी वितरकाला कळवावे. लाइट गेल्यामुळे झालेली नासाडी बहुतेक वितरक परत घेत नाहीत, पण तापलेल्या आलेल्या मालाचा दावा सकाळच्या फोटोमुळे टिकतो. फेकायचा माल पिशवी कापून, कपाचे झाकण फोडून टाकावा, म्हणजे तो कोणी उचलून पुन्हा विकणार नाही. जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराने नष्ट केलेल्या करपात्र मालावरचे इनपुट क्रेडिट परत करावे लागते, त्यामुळे वहीचे ते पान दर महिन्याला हिशेबनिसाला द्यावे.

पहिल्या महिन्याची बेरीज झाली की सर्वांत मोठ्या रकमेचे एकच कारण निवडावे, पुढच्या महिन्यात फक्त त्यावर काम करावे आणि टप्पा ४ ची चाचणी नवे रबर बसवल्यावर किंवा बाटल्यांची संख्या बदलल्यावर पुन्हा करून दारावरचा कागद बदलावा.